हा वृद्धाश्रम हाये का?

शेगावातल्या एका लॉजमालकाने मला दोन वर्षांपूर्वी एक छोटं काम दिलं. पाटीवर नावाखाली इंग्रजीत 'अ होम अवे फ्रॉम होम' असं लिहिलेलं होतं, ते मराठीत हवं होतं. दुकानाचं नाव मराठीत असणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे. टॅगलाइनला तशी सक्ती नाही. पण त्यांचं म्हणणं होतं की दर्शनाला येणाऱ्या आजी-आजोबांनाही ती वाचता यावी.

मी पाच मिनिटांत लिहून टाकलं: 'घरापासून दूर एक घर'. शब्दाला शब्द जुळत होता. संध्याकाळी खामगावला मावशीकडे गेलो तेव्हा सहज तिला दाखवलं. तिने चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हा वृद्धाश्रम हाये का?"

मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. तिचं वाचन बरोबर होतं. इंग्रजीत 'अवे फ्रॉम होम' हा ठरलेला प्रयोग आहे. त्याचा अर्थ 'परगावी असताना' एवढाच. त्यात लांब असतो तो प्रवासी. माझ्या मराठी ओळीत प्रवासीच गायब झाला आणि लांब गेलं ते घर. घरच्यांपासून दूर नेऊन ठेवायची जागा म्हटल्यावर मावशीच्या वयाच्या बाईला दुसरं काय आठवणार?

मग 'शेगावात आपलं घर' करून पाहिलं. अर्थ नेमका आला, पण ही तर फ्लॅटची जाहिरात झाली! खाली फक्त 'बुकिंग सुरू' लिहायचं बाकी होतं.

तेव्हा सुचलं की मराठीत परगावातल्या आपल्या घराला शब्द आहेच: माहेर. वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतात, बाई असो की पुरुष. मी खुशीत मालकांना फोन केला. ते म्हणाले, "माहेरात बिल कोन देते?" शिवाय शेगावात माहेर म्हणजे महाराजांचं मंदिर, तिथे आपण तो शब्द घेतला तर लोक नाव ठेवतील, असंही म्हणाले. दोन्ही मुद्दे मला बिनतोड वाटले. शब्द सुंदर होता, पण त्या जागेवर दुसऱ्याचा हक्क होता.

अशा वेळी मूळ ओळ बाजूला ठेवावी लागते आणि ती ओळ पाटीवर काय काम करते ते बघावं लागतं. मी एक सकाळ लॉजच्या काउंटरशी बसून काढली. शेगाव मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्याने माणसं कुठल्याही वेळी उतरतात. हातात पिशव्या, सोबत पेंगुळलेलं पोर, एखादी थकलेली आई. गरम पाणी आहे का आणि मंदिर किती लांब आहे, एवढंच ते विचारतात. त्यांना घराचं वर्णन नको असतं. घरी पोचल्यावर जे कानावर पडतं ते हवं असतं. आणि आपल्याकडे दारात पाहुणा आला की घरातलं माणूस म्हणतं, "आलात? बरं झालं!"

हे लिहून मी कागद रिक्षास्टँडवर नेला. पाटी कोणी शांत बसून वाचत नाही, चालत्या रिक्षातून वाचतात. म्हणून तो लांब धरून ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारलं. त्याच्या नजरेत दुसरी ओळच भरली. "बरं झालं? कोनाचं काय झालं?" खरंच, नुसतं 'बरं झालं' आपण कुणाची खोड मोडली तरी म्हणतो. मग क्रियापद बदललं: 'आलात, बरं केलंत.' 'केलंत'मध्ये समोरचा माणूस आहे, त्याच्या येण्याचं कौतुक आहे, आणि ओळ कुठेही तुटली तरी वाकडा अर्थ निघत नाही.

राहता राहिला वऱ्हाडीचा प्रश्न. इथे कुणी 'केलंत' म्हणत नाही, 'बरं केलं' म्हणतात. मला तेच ठेवायचं होतं. पण येणारे पुण्या-नाशिकचेही असतात, आणि टीव्हीने वऱ्हाडीला हसण्यावारी नेऊन ठेवलंय. मालकांना आपली पाटी विनोदी वाटायला नको होती. मी 'त' ठेवला, नाइलाजाने.

मालकांचा मुलगा मात्र अडला. "यात होम कुठे आहे?" मी त्याला एका कागदावर तीन रकाने करून दिले: मराठी ओळ, तिचा सरळ इंग्रजी अर्थ, आणि ती वाचून मावशी, रिक्षावाला व एक प्रवासी काय म्हणाले ते. 'घरापासून दूर'समोर 'वृद्धाश्रम' वाचल्यावर त्याने पेंटरला फोन लावला. त्याखाली एक बारीक ओळ माझ्या आग्रहाने आली: 'राहण्याची सोय'. कारण शेगावात नुसतं 'हॉटेल' वाचलं की माणूस कचोरी मागतो.

गेल्या महिन्यात तिथे मुक्कामाला गेलो. मालकांनी काउंटरवरच्या पोराला पाटीवरचं वाक्य बोलायलाही सांगून ठेवलं होतं. माझी बॅग बघताच तो म्हणाला, "आले का? बरं केलं. आधार कार्ड दाखवा."