पावशेर कांदा

टेंभुर्णीच्या आमच्या घरात वांग्याच्या रश्श्याचं माप आईचं आहे. एक किलो वांग्यांना पाव किलो कांदा, दीडशे ग्रॅम टोमॅटो, पन्नास ग्रॅम सुकं खोबरं, आलं-लसणाचं मिळून तीस ग्रॅम वाटण, वीस ग्रॅम काळा मसाला आणि शंभर ग्रॅम तेल. सात-आठ माणसांना पुरतं. मी मोठ्या पंगतींचा स्वयंपाक करायला लागलो तेव्हा हे माप सरळ पंधरानं गुणलं आणि फसलो.

पंधरा किलो वांगी, पावणेचार किलो कांदा. सगळा कांदा एकाच भगुण्यात टाकला. त्याला पाणी सुटलं आणि तो परतण्याऐवजी त्याच पाण्यात शिजत राहिला. पंगतीची घाई होती, म्हणून वर सव्वादोन किलो टोमॅटो ओतले. रश्श्याला कच्च्या कांद्याचा वास राहिला, चव आंबट झाली आणि ताटात पाणी वेगळं, वांगं वेगळं दिसायला लागलं. येसर आणि शेंगदाण्याचं कूट पाण्यात कालवून घातलं, वीस मिनिटं उकळलं, तेव्हा रस्सा मिळून आला. कच्चा वास मात्र गेला नाही.

कच्च्या कांद्यात नऊ दशांशाच्या आसपास पाणीच असतं. म्हणून माप कच्च्या कांद्याचं असलं तरी दाटपणा ठरतो परतल्यानंतर जे उरतं त्यावर. आता पावणेचार किलो कांदा मी तीन घाण्यांत, रुंद कढईत परततो आणि काट्यावर तोलतो. दीड किलोच्या आसपास उरला की झालं. दोन किलो भरला तर तो अजून ओला आहे, परत चुलीवर. नीट परतला की डोळ्यात जाणारा वास थांबतो, कडा तपकिरी होतात आणि उलथण्याला कांदा गोळ्यासारखा लागतो. टोमॅटो त्यानंतर. तेही बाजूनं तेल सुटेपर्यंत आटवायचे, मगच मसाला.

तेल मात्र पंधरापट लागत नाही. छोट्या कढईत बरंचसं तेल भांड्याला आणि पळीला लागून जातं. मोठ्या भांड्यात तो वाटा कमी. पंधरा किलोंना मी दीडऐवजी एक किलो शंभर ग्रॅम घेतो. मसाला आधी तीन चतुर्थांशच घालतो आणि उकळी आल्यावर चाखून वाढवतो. मीठ वांग्यांवरून ठरवत नाही. भाजी, वाटण आणि पाणी मिळून जेवढा रस्सा होईल, त्यावरून घालतो.

वांग्यांत बटाटे असतील तर आधी बटाटे साध्या पाण्यात अर्धे शिजवून घेतो. टोमॅटोच्या आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही. बराच वेळ उकळला तरी मधे कडक राहू शकतो. दोडका-दुधी स्वतःच पाणी सोडतात, तिथे किलोला दोनशे ग्रॅम कांदा आणि शंभर ग्रॅम टोमॅटो पुरतात.

परवा लग्नाच्या स्वयंपाकात पोरानं विचारलं, ‘मामा, कांदा किती घेऊ?’ मी म्हटलं, ‘काटा इकडं आण. आणि परतून झाल्यावर परत एकदा तोल.’