आक्का शिकागोला किती वाजता पोचणार?

आमच्या फलटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरूनही आता कुणाची लेक, कुणाचा मुलगा परदेशी आहे. लेकीच्या बाळंतपणाला आई निघते, तेव्हा घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, ‘तिथं पोचणार किती वाजता?’ हा हिशेब अवघड नाही. बाजारच्या पिशवीचा हिशेब करणाऱ्या कुणालाही तो जमेल. फक्त तो कुठून धरायचा, हे ठाऊक हवे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, २०२५ च्या मार्चमध्ये शिकागोला गेली. वय साठीच्या पुढे, इंग्रजी येत नाही, विमान पहिलेच आणि सोबत कुणी नाही. तिकडे भाचीला नववा महिना लागलेला. तिला घरी एकटी ठेवून जावईबापूंनी विमानतळावर यायचे, म्हणजे अचूक वेळेला यायचे. तास-दोन तास इकडेतिकडे झाले असते, तर एकीकडे आक्का घाबरली असती आणि दुसरीकडे भाची.

तिकीट असे होते. मुंबईहून सुटणे बुधवार १२ मार्च, १.२०. फ्रँकफर्टला पोचणे ६.००. तिथून दुसरे विमान १०.४० ला. शिकागोला पोचणे त्याच १२ तारखेला १४.१०, म्हणजे दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

पहिली गोष्ट तारखेची. आपण रात्र मोजतो ती आदल्या दिवसात. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून रात्री एक वाजताही आपल्या तोंडी मंगळवारच असतो. विमानाचा वार मात्र रात्री बाराला बदलतो. १२ तारखेचे १.२० म्हणजे आपली मंगळवारची रात्र. भाच्याने गाडीवाल्याला ‘बारा तारखेच्या रात्री जायचंय’ असे सांगून ठेवले होते. तसे गेलो असतो, तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झाला असता. परदेशच्या विमानाला तीन तास आधी हजर राहावे लागते. म्हणजे मंगळवारी रात्री दहा-सव्वादहाला विमानतळावर. त्या हिशेबाने आम्ही मंगळवारी दुपारी एक वाजता घर सोडायचे ठरवले.

दुसरी गोष्ट घड्याळांची. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सुटण्याची मुंबईची, उतरण्याची उतरलेल्या गावची. म्हणून शेजारचे तात्या म्हणाले, ‘एक-वीसला निघून दोन-दहाला पोचते, म्हणजे तेरा तासांचाच प्रवास की!’ त्यांनी मुंबईचे घड्याळ शिकागोच्या घड्याळातून वजा केले. पायलीने मोजलेल्या धान्यातून किलोने मोजलेले वजा करावे, तसेच हे झाले.

यावर उपाय एकच. सगळा प्रवास आपल्या भिंतीवरच्या घड्याळाने मोजायचा, आणि तिकडची वेळ अगदी शेवटी काढायची. तिकिटावर वेळेच्या शेजारी उड्डाण किती तासांचे, तेही छापलेले असते. मुंबई ते फ्रँकफर्ट ९ तास १० मिनिटे. रात्रीच्या १.२० मध्ये ते मिळवले, की आपले सकाळचे १०.३० झाले. मग फ्रँकफर्टचा मुक्काम. विमान सहाला टेकते आणि दुसरे १०.४० ला सुटते. या दोन्ही वेळा एकाच गावच्या असल्याने इथे सरळ वजाबाकी चालते: ४ तास ४० मिनिटे. आपले दुपारचे ३.१० झाले. पुढचे उड्डाण ९ तास ३० मिनिटांचे. आपल्या घड्याळात रात्रीचे १२.४०, आणि तारीख लागली १३. सगळा प्रवास झाला २३ तास २० मिनिटांचा.

आता शिकागोचे घड्याळ. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणून जितके पश्चिमेला जावे तितकी घड्याळे मागे. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर बांधलेले आहे. ती रेषा बरोबर तासाच्या हिश्शात बसत नाही. म्हणून अमेरिकेशी आणि जर्मनीशी आपला फरक नेहमी अर्ध्या तासासह येतो. हा अर्धा तास हिशेबात हटकून निसटतो.

संक्रांतीच्या वेळी जावईबापूंनी फोनवर सांगितले होते, ‘मामा, आम्ही तुमच्या साडेअकरा तास मागे.’ तो फरक लावला, तर आपल्या १२.४० ला शिकागोत दुपारचे १.१० येतात. तिकीट म्हणते २.१०. बरोबर एक तास जुळेना.

हा एक तास तिकिटाच्या चुकीचा नव्हता. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी बहुतेक राज्ये घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे संध्याकाळचा उजेड जास्त वापरता येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा मागे घेतात. २०२५ मध्ये तो मार्चचा रविवार ९ तारखेला आला. आक्का निघाली १२ ला. म्हणजे फरक साडेअकराचा साडेदहा झाला होता. १२.४० मधून साडेदहा तास मागे गेले, की १२ तारखेचे दुपारचे २.१०. हिशेब चोख जुळला.

यात आणखी एक मेख आहे. युरोपातही घड्याळ असेच पुढे करतात, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे अमेरिकेचे घड्याळ बदललेले आणि जर्मनीचे जुनेच असते. फ्रँकफर्ट आणि शिकागो यांत एरवी सात तासांचे अंतर, त्या दिवसांत सहाच. ऑक्टोबरअखेर युरोपचे घड्याळ आधी मागे जाते, तेव्हा आठवडाभर पुन्हा हेच. आपले घड्याळ कधी हलत नाही, म्हणून आपल्या ते ध्यानात येत नाही.

पडताळा घेण्याची सोपी रीत अशी. तिकिटावरची पहिली आणि शेवटची वेळ यांतले अंतर काढा. आमचे आले १२ तास ५० मिनिटे. त्यात साडेदहा तासांचा फरक मिळवला, की २३ तास २० मिनिटे. उड्डाणे आणि मुक्काम यांची बेरीजही तेवढीच. दोन्ही जुळल्या, तर हिशेब खरा. नेमका एका तासाने चुकला, तर घड्याळ बदलण्याची तारीख बघा. अर्ध्या तासाने चुकला, तर आपला अर्धा तास कुठे सांडला ते बघा.

विमान टेकले म्हणजे माणूस बाहेर आले असे नाही. शिकागोत कागदपत्रांची तपासणी आणि सामान यांत एक ते दोन तास जातात. म्हणून जावईबापूंना तीन वाजता या म्हटले, आणि आमच्याकडे फोन रात्री दोनच्या आत अपेक्षू नये, हे घरात सांगून ठेवले. आक्काच्या पिशवीतल्या कागदावर प्रत्येक गावापुढे दोन वेळा लिहून दिल्या, एक तिथली आणि एक आपली.

परतीला हेच गणित उलटे होते. शिकागोत शनिवारी दुपारी तीनला निघाले, तर उन्हाळी घड्याळाप्रमाणे आपल्याकडे रविवारची पहाट, दीड वाजलेला असतो. त्यात तेवीस तास मिळवले, की सोमवार उजाडण्याआधीचे साडेबारा. आणायला जाणाऱ्याने मात्र रविवारी दुपारीच घर सोडायचे.