चाळीस ग्रॅमचा हिशेब

माझं माहेर मराठी आणि सासर कानडी, त्यामुळे सासूबाईंना मी अत्ती म्हणते. मागच्या वर्षी त्यांच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनी अशक्त झाली आहे, डायलिसिसची गरज नाही, पण प्रोटीन दिवसाला ४० ग्रॅमपर्यंत ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. अत्तींचं वजन ५५ किलो, त्यावरून हा आकडा आला होता.

घरी आल्याबरोबर अत्तींनी डाळ सोडली. प्रोटीन म्हणजे डाळ, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. महिन्याने आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काय काय बंद केलंत?" अत्ती अभिमानाने म्हणाल्या, "ब्याळी बिट्टेनि!" बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "एक दिवस त्या जे खातील ते शिजवण्याआधी मोजा आणि लिहून आणा." शिजल्यावर भातात, वरणात किती पाणी आहे ते कळत नाही, म्हणून माप कच्च्याचंच घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन बसले. सकाळी दोन चहांचं मिळून १०० मिली दूध, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रोटीन. ५० ग्रॅम पोह्यांचे साडेतीन आणि त्यातल्या मूठभर शेंगदाण्यांचे चार. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ, म्हणजे पाच ग्रॅम प्रोटीन, दोन्हींचे दहा. भाजीचे दोन, शेंगा चटणीपुडीचे पाच, वाटीभर दह्याचे तीन, ५० ग्रॅम तांदळाचे साडेतीन. संध्याकाळी 'शक्तीसाठी' ग्लासभर दूध, सात. रात्री पुन्हा दोन भाकऱ्या, भात आणि दाण्याचं कूट घातलेली भाजी, मिळून साडेवीस. बेरीज झाली ६२!

डाळीचा एक दाणाही न खाता ६२. त्यातले चौदा नुसत्या शेंगदाण्यांचे होते. आपल्याकडे दाणे पोह्यांत, चटणीत, कुटात असे लपून येतात, आणि कुणी त्यांना जेवणात धरत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन असतं, तुरीच्या डाळीपेक्षा थोडं जास्तच.

मग मी सरळ वजाबाकी केली. दाणे बंद, दूध बंद, दोन भाकऱ्यांची एक. बेरीज चाळीसच्या आत आली आणि मी खूश झाले. पण महिन्याभरात अत्तींचं वजन दोन किलो उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. बाईंनी समजावलं, की पोट अर्धं राहिलं तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं, आणि त्याचा कचराही शेवटी किडनीलाच उपसावा लागतो. प्रोटीन कमी करायचं, जेवण कमी करायचं नाही. अंगावर सूज असेल तर वजनकाटाही फसवतो, तेव्हा बांगड्यांकडे लक्ष ठेवा, असंही त्या म्हणाल्या.

आणि डाळ त्यांनी परत आणली! ज्वारीच्या प्रोटीनमध्ये जे उणं असतं, ते डाळ भरून काढते. मोजके चाळीस ग्रॅम घ्यायचे तर ते चांगले हवेत.

आता अत्तींचा दिवस असा असतो. सकाळी तेवढाच चहा आणि बिनदाण्याचे पोहे, सात ग्रॅम. दुपारी एक भाकरी, भात, भाजी, वाटीभर दही आणि २० ग्रॅम डाळीचं पातळ वरण, अठरा ग्रॅम. रात्री एक भाकरी, भात, भाजी आणि १५ ग्रॅम डाळीचं वरण, चौदा. झाले ३९. उरलेल्या एका ग्रॅमात चमचाभर चटणीपुडी, कारण तिच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. पोट भरायला संध्याकाळी साबुदाण्याची गोड पेज, आणि भातावर तूप. साबुदाणा, साखर, तूप यांत प्रोटीन जवळजवळ नसतंच. अत्तींना मधुमेह नाही म्हणून साखर चालते. ज्यांना आहे त्यांनी हे उचलू नये.

हा आकडाही अत्तींचाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. डायलिसिस सुरू झालं की उलट प्रोटीन वाढवावं लागतं, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलंय.

बांगड्या आता मनगटावर आल्या आहेत. परवा शेजारच्या काकू दाण्याची पोळी घेऊन आल्या. अत्तींनी पोळी हातात तोलली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एष्टु?" मी म्हटलं, "अर्धी घ्या, पण रात्रीचं वरण नाही."