आजीसाठी सोपं पत्रक

वडोदऱ्यात आमच्या घरी औषधांची इंग्रजी पत्रकं सोप्या मराठीत लिहून देण्याचं काम माझ्याकडे आहे, मुख्यतः आजीसाठी. परवा पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची पाळी होती. मोठ्या माणसांसाठी मजकूर असा: गरजेनुसार 1 ते 2 गोळ्या, दर 4 ते 6 तासांनी, 24 तासांत जास्तीत जास्त 8.

सोपं करताना ‘दर चार तासांनी दोन गोळ्या’ एवढंच लिहावंसं वाटतं. पण हिशेब करून बघा. 24 तासांत 12 गोळ्या, म्हणजे 6 ग्रॅम होतात. मर्यादा आहे 4 ग्रॅमची. जादा मात्रेने यकृताला इजा होते आणि सुरुवातीला त्रास जाणवतही नाही. म्हणून मी लिहिलं: “ताप असेल किंवा दुखत असेल तरच 1 किंवा 2 गोळ्या. मध्ये निदान 4 तास जाऊ द्या. 24 तासांत 8 च्या वर नको. डॉक्टरांनी कमी सांगितल्या असतील तर तेवढ्याच. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असेल तर तेही मोजा.”

दुष्परिणामांत ॲलर्जीपुढे ‘फार क्वचित’ होतं. पत्रकांच्या भाषेत त्याचा अर्थ 10,000 जणांत एकापेक्षा कमी. ‘होत नाही’ लिहिलं तर ते खोटं ठरतं आणि नुसतंच ‘होऊ शकतं’ लिहिलं तर आजी गोळीला हातच लावणार नाही. म्हणून आकडा ठेवला आणि पुढे लिहिलं: “पुरळ उठलं, चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर.”

मग आजीला विचारलं, “सकाळी आठला दोन घेतल्यास, पुढची कधी?”

“बाराच्या आधी नाही. आणि दुखत असेल तरच.”