उभे वायपर

२०१० च्या दसऱ्याला आमच्या दारात चंदेरी वॅगनआर आली आणि २०२५ च्या दसऱ्याला तिला झेंडूचा शेवटचा हार घातला. १५ ऑक्टोबरला ती गेली. त्याआधी चार दिवस मी एक चिठ्ठी लिहिली, गाडी पुसायला येणाऱ्यांसाठी. गाडी विकल्याचं नातेवाइकांना फोनवर सांगून झालं होतं, पण ज्यांनी तिला रोज हात लावला त्यांना कळवायला मात्र कागद घेऊन बसावं लागलं.

माझ्याबरोबरीच्या, सिडकोच्या रो-हाउसेसमध्ये संसार मांडलेल्या बायका-पुरुषांना गाडीचं अप्रूप वेगळं सांगायला नको. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतरच्या काळात कुणी वाळूजला, कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात असे आम्ही या शहरात रुजलो. घरं बांधली गेली ती स्कूटरच्या हिशेबानं. फाटकातून चेतक आत यायची, तिरकी करून किक मारली की सुरू व्हायची, आणि गल्ली दोन स्कूटर समोरासमोर जातील एवढी रुंद. मोटार येईल असं घर बांधणाऱ्याला वाटलं नव्हतं आणि राहणाऱ्यालाही. म्हणून आमच्या पिढीच्या गाड्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या, कडुनिंबाखाली, कापडी कव्हर घालून.

आमची गाडी आली त्याच ऑक्टोबरात या शहरातल्या लोकांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. वर्तमानपत्रं भरून गेली होती. आमच्या यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि आम्ही सगळे बाहेर जाऊन आपली गाडी बघून आलो. दीडशेंइतकाच आनंद आमच्या एका गाडीचाही होता.

पहिली काही वर्षं रविवारची सकाळ गाडीची असायची. मुलगा टपावर, मुलगी चाकांशी, हे काचांना. धुण्याचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता. जायकवाडीचं धरण पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, आणि तरी नळाला पाणी काही दिवसांआड. ज्या गल्लीत बायका पाण्याच्या वेळेसाठी रात्री जागतात, तिथे नळी लावून गाडी धुणं कुणालाच शोभत नाही. त्यामुळे आमच्याकडे गाडी ‘धुतात’ असं कुणी म्हणत नाही, ‘पुसतात’ म्हणतात. एक बादली पाणी, तेवढ्यात सगळं.

मुलं पुण्याला गेली, यांची कंबर वाकेना, तेव्हा महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणारी माणसं लावली. एक गृहस्थ तीन मुलं हाताशी घेऊन आसपासच्या गल्ल्यांतल्या गाड्या करत. हिशेब त्यांच्याकडे, काम मुलांकडे. आमच्याकडे येणारा पहाटे साडेपाचला येई. मी त्याला ‘दादा’ म्हणे, तो मला ‘काकू’.

त्याचं काम मी चहा घेताना खिडकीतून बघायची, आणि बघता बघता शिकले. आधी कोरड्या झटकणीनं धूळ झटकायची, कारण धूळ असताना ओलं फडकं फिरवलं की तीच माती रंगावर घासली जाते. मग फडकं दोनदा दुमडून एकेक बाजू वापरायची. असं उलगडत-दुमडत एका फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. सुरुवात टपापासून, मग काचा, बॉनेट, दारं, आणि दारांच्या खालच्या पट्ट्या सर्वांत शेवटी, कारण खडी आणि चिखल तिथेच असतो. चाकांचं फडकं वेगळं, ते वर कधीच यायचं नाही. हात सरळ रेषेत न्यायचा. गोल गोल फिरवला तर रंगावर बारीक वर्तुळं उमटतात, सावलीत दिसत नाहीत, उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखी चमकतात. नवं पोरगं कामाला आलं की महिनाभरात बॉनेटवर ही जाळी दिसू लागते. दादानं आमच्या गाडीवर पंधराव्या वर्षापर्यंत ती येऊ दिली नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचं पाणी आमच्या भागात जड आहे, त्यात क्षार फार. ते काचेवर तसंच वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि महिनोन्‌महिने साचले की काच धुरकट होते. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्या ठिपक्यांवर फुटतो आणि रस्ता दिसत नाही. म्हणून तो बोअरच्या पाण्यानं पुसून झालं की काचा कोरड्या फडक्यानं लगेच टिपायचा. नळाला पाणी आलेलं असेल त्या दिवशी मी त्याला तांब्याभर वेगळं द्यायची, समोरच्या काचेसाठी. जुने ठिपके असले तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून काचेवर फिरवायचा. ते रंगावर मात्र लागू द्यायचा नाही.

काम झालं की दोन्ही वायपर उचलून उभे ठेवायचा. तीच त्याची हजेरी. सकाळी पडदा सरकवून वायपर उभे दिसले की तो येऊन गेला. मराठवाड्याच्या उन्हात वायपरचं रबर तापलेल्या काचेला चिकटतं, त्यावरही हा उपाय होता. यांना दौऱ्यावर जायचं असलं की मीच वायपर खाली करायची. त्या एका खुणेवर आमचं इतकी वर्षं चाललं, कधी विचारावं लागलं नाही.

गाडी विकायचं ठरलं ते दोन कारणांनी. यांना मोतीबिंदू झाल्यापासून रात्रीचं चालवणं सुटलं होतं. आणि खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, ती याच महिन्यात संपत होती. पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा तपासणी, नोंदणी आणि पर्यावरण कर, आणि एवढं करून चालवणार कोण? घेणारे शुक्रवारी, १० तारखेला आले. सौदा ठरला, आणि उठताना त्यांनी विचारलं, “दोन्ही किल्ल्या आहेत ना?”

तेव्हा आठवलं की दुसरी किल्ली आमच्याकडे नव्हतीच. दर रविवारी आतून झाडायचं तर पहाटे आम्हाला उठवायला नको, म्हणून ती आम्ही कधीच पुसणाऱ्यांकडे देऊन टाकली होती.

म्हणून चिठ्ठी लगेच लिहावी लागली. तोंडी सांगितलं असतं तर चाललं नसतं का, असं हे म्हणाले. पण आमच्या गल्लीतलं एक उदाहरण मला ठाऊक होतं. तिथल्या वहिनींनी गाडी गेल्याचं पुसायला येणाऱ्या मुलाला सांगितलं. तो मुलगा गावी गेला, त्याच्या जागी दुसरा आला, हिशेब ठेवणाऱ्यांपर्यंत निरोप पोचलाच नाही. दोन महिन्यांनी पैसे मागितले गेले, शब्दाला शब्द लागला आणि सहा वर्षांची ओळख तिथेच तुटली. चूक कुणाचीच नव्हती. तारीख कुठे लिहिलेली नव्हती, एवढंच.

मी लिहिलं ते असं:

“स. न. वि. वि. आमची चंदेरी वॅगनआर आम्ही विकली आहे. गाडी बुधवार, १५ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता नवे मालक नेतील. त्या दिवशी सकाळचं पुसणं हे शेवटचं, १६ तारखेपासून मुलाला पाठवू नये. ऑक्टोबरचे पूर्ण महिन्याचे ६०० रुपये सोबत देत आहे, सप्टेंबरपर्यंतचे पोचलेले आहेत, म्हणजे आपलं येणं काही राहत नाही. गाडीची दुसरी किल्ली आपल्याकडे आहे, ती रविवारी आतलं काम झाल्यावर परत द्यावी. काम बंद करण्याचं कारण फक्त गाडी विकली हे आहे, कामाबद्दल कसलीही तक्रार नाही. हिशेब पूर्ण झाल्याचं दोन शब्दांत कळवावं.”

वर गाडीचा पूर्ण क्रमांक घातला, कारण गल्लीत चंदेरी वॅगनआर दोन आहेत.

यातल्या दोन वाक्यांवर आमचं घरात बोलणं झालं. पहिलं तारखेचं. सौदा १० तारखेला झाला, पण लिहायची ती गाडी ताब्यात देण्याची तारीख, कारण तोवर ती आमच्याच दारात धूळ खाणार होती. दुसरं पैशांचं. अर्धा महिना म्हणजे ३०० रुपये झाले, असं हे म्हणाले, आणि हिशेबानं ते बरोबर होतं. पण ही माणसं गाड्या महिन्यावर बांधतात. पंधरा तारखेला एक जागा रिकामी झाली तर पुढच्या एक तारखेपर्यंत ती सहसा भरत नाही, आणि आठवड्यावर दिवाळी होती. पुरे सहाशे द्यायचे ठरले. मुलाची दिवाळी वेगळी, त्याच्याच हातात.

कामाबद्दल तक्रार नाही हे वाक्य मी मुद्दाम घातलं. काम अचानक बंद झालं की मालक आधी मुलालाच विचारतो, “काय केलंस तिथे?” त्याला उत्तर देता यावं म्हणून ते कागदावर हवं होतं.

रविवारी दादानं गाडी आतून झाडून काढली. सीटखालून एक-एक वस्तू निघाली: वेरूळला जातानाची पार्किंगची पावती, मुलीच्या केसांचा चाप, तिची बारावीची पेन्सिल, आणि माझ्या कुडीची फिरकी, जी मी आठ वर्षांपूर्वी हरवली म्हणून सोडून दिली होती. ती त्याला सीटच्या रुळात सापडली. त्यानं सगळं एका कागदावर मांडलं, शेजारी किल्ली ठेवली आणि हाक मारली, “काकू, बघून घ्या, तुमचं आहे का सगळं.” संध्याकाळी त्याच्या मालकांचा निरोप आला: हिशेब पूर्ण, किल्ली दिली, गाडी पुन्हा घेतलीत तर आधी आम्हाला सांगा.

बुधवारी तो नेहमीच्या वेळेला आला. गाडी आता दुसऱ्याची होती, तरी टपापासून सुरुवात केली, काचा टिपल्या, खालच्या पट्ट्या शेवटी घेतल्या. दहाला नवे मालक आले, बदलीच्या अर्जांवर सह्या झाल्या, गाडी दिल्याची पावती तारीख-वेळ घालून घेतली. निघण्याआधी यांनी पुढे होऊन उभे वायपर खाली केले. ते काम एरवी माझं होतं.

नोव्हेंबरच्या एक तारखेपासून दादाकडे गल्लीच्या टोकाची एक नवी गाडी लागली आहे. आमच्या कडुनिंबाखाली आता शेजारी त्यांची गाडी लावतात. तीही दादाच पुसतो. सकाळी पडदा सरकवला की तिचे वायपर उभे दिसतात.