रुपयामागे चार रुपये

महिन्याला दुकानात किती विक्री झाली पाहिजे, हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असायचा. मला तो पाढे पाठ व्हायच्या आधी कळला. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अण्णांचं कापडाचं दुकान होतं. सुरतेच्या साड्या, उल्हासनगरचे तयार कपडे, सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल असा माल. दिवेलागणीला पतसंस्थेचे पिग्मीवाले काका यायचे. अण्णा गल्ल्यातून आधी त्यांचे पैसे काढून ठेवत आणि मगच उरलेला गल्ला मोजायला घेत. लगीनसराईचा आणि दिवाळीचा माल भरायला त्याच पतसंस्थेतून कर्ज काढलेलं असे आणि रोज थोडी थोडी साठलेली पिग्मी महिनाअखेरीला हप्त्याला उपयोगी पडे.

एकदा मी अण्णांना विचारलं, की हप्त्याएवढी विक्री झाली की झालंच ना मग? त्यांनी मांडीवरची साडी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “ही शंभराला विकली, तर त्यातले पंच्याहत्तर सुरतेच्या व्यापाऱ्याचे. त्या पैशातून तिच्या जागी दुसरी साडी आणायची. आपले पंचवीस. म्हणजे हप्त्यातला एक रुपया फेडायला चार रुपयांचं कापड विकावं लागतं, पोरी.” रुपयामागे चार रुपये. दुकानाचं सगळं गणित या एका वाक्यात आहे, आणि पुढे आयुष्यभर मी तेच वाक्य उलगडत बसले आहे.

कॉलेजात वाणिज्य शाखेला गेल्यावर त्या वाक्याची एक बारीक बाजू आमच्या मुनीमजींनी दाखवली. गावातले बरेच दुकानदार ‘आम्ही पंचवीस टक्क्यांवर धंदा करतो’ असं सांगत. मुनीमजी लगेच विचारत, “पंचवीस कशावर? खरेदीवर की विक्रीवर?” शंभराला आणलेल्या मालावर पंचवीस चढवले, तर तो सव्वाशेला जातो. पण गल्ल्यात आलेल्या सव्वाशेतले पंचवीस म्हणजे पाचवा हिस्सा, टक्क्यात वीस. विक्रीतून चौथा हिस्सा सुटायला हवा असेल, तर पंच्याहत्तरचा माल शंभराला गेला पाहिजे. म्हणजे खरेदीवर जवळजवळ तेहतीस टक्के चढवावे लागतात. ज्याचे पंचवीस खरेदीवरचे आहेत, त्याच्या हप्त्यातला प्रत्येक रुपया चार नव्हे, पाच रुपयांची विक्री मागतो. मुनीमजींचं म्हणणं असं, की हप्त्याचा हिशेब करताना नेहमी विक्रीवरचाच टक्का धरावा, कारण हप्ता गल्ल्यातून जातो.

अण्णा थकले आणि मी गल्ल्यावर बसू लागले. दुकान चालतं ठेवायचं, तर फळ्या भरायला हव्या होत्या. मी बँकेतून तीन लाखांचं कर्ज घेतलं. व्याज घटत्या शिलकीवर बारा टक्के, मुदत 36 महिने, हप्ता 9,964 रुपये. सही करायच्या आदल्या रात्री आई आणि मी कागद घेऊन बसलो. दुकानाचं भाडं, लाइट, कामावरच्या मुलाचा पगार, पिशव्या आणि मालाची ने-आण मिळून 16,000. घरखर्चाला 15,000. हप्ता सोयीसाठी 10,000 धरला. आईने विचारलं, “आणि हाताशी काय राहणार?” म्हणून आणखी 4,000 लिहिले. हे चार हजार म्हणजे चैनीचे पैसे नव्हेत. घडीवर पिवळा पडलेला, उन्हाने रंग उडालेला, फॅशन सरलेला माल दरवर्षी पडत्या भावात काढावाच लागतो. तो तोटा सोसायचा कुणी, तर या चार हजारांनी.

बेरीज झाली 45,000. आमचा माल विक्रीवर सरासरी पंचवीस टक्क्यांनी सुटत होता. 45,000 गुणिले चार, म्हणजे महिन्याला 1,80,000 रुपयांची विक्री. आठवड्याची सुटी सोडली, तर रोज सात हजारांच्या आसपास. तोच माल वीस टक्क्यांनी सुटला असता, तर 2,25,000 विकावे लागले असते. हप्ता नसता, तर बाकीच्या 35,000 साठी 1,40,000 पुरले असते. म्हणजे दहा हजारांच्या त्या हप्त्याने माझ्याकडून महिन्याला चाळीस हजारांची जादा विक्री मागितली होती. आईने त्या चाळीस हजारांभोवती गोल केला. कर्ज घ्यावं की नाही, याचं उत्तर त्या गोलात होतं.

ती जादा विक्री झाली नाही तर काय होतं, हे मी आमच्याच पेठेत पाहिलं. एका शेजाऱ्यांचा हप्ता कधीही चुकला नाही, तरीही त्यांचं दुकान संपलं. पुष्कळांना त्याचं नवल वाटलं. मला मात्र ते घडताना दिसत होतं आणि वाईट वाटत होतं, कारण माणूस प्रामाणिक होता, कष्टाळू होता. माझ्याच आकड्यांवर सांगते. समजा, कर्ज घेऊनही विक्री 1,40,000 वरच राहिली. तिच्यातून सुटले 35,000. दुकान आणि घर मिळून 31,000 गेले. उरले चार, आणि हप्ता दहाचा. कमी पडलेले सहा हजार येणार कुठून? गल्ल्यात तर पैसे दिसत असतात, कारण विकलेल्या मालाची मूळ किंमत, 1,05,000 रुपये, त्यातच असते. त्यातून सहा हजार उचलले जातात, हप्ता भरला जातो, आणि पुढच्या खेपेला व्यापाऱ्याकडून सहा हजारांचा माल कमी येतो. वर्षाला 72,000 रुपयांचा माल फळीवरून नाहीसा होतो आणि पासबुकात सगळं नीटनेटकं दिसतं. पुढे मापं अपुरी पडतात, रंग मिळत नाहीत, गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणून उठतं, आणि विक्री आणखी खाली जाते.

नफा-तोट्याच्या पत्रकातही हे धड दिसत नाही. माझ्या पहिल्या हप्त्यात व्याज 3,000 होतं आणि मुद्दल 6,964. खर्चात फक्त व्याज धरलं जातं. मुद्दल परत करणं हा खर्च नाही, घेतलेले पैसे परत देणं आहे. म्हणून कागदावर नफा असलेल्या दुकानाच्याही हातात पैसा नसतो. खरी पारख एकच आहे: मोजदाद. वर्षातून एकदा, आणि जमलं तर दोनदा, फळीवरचा सगळा माल खरेदीच्या किमतीने मोजायचा आणि त्यातून व्यापाऱ्यांचं देणं वजा करायचं. कर्ज खाली येतंय आणि हा आकडा मात्र टिकून आहे, तर हप्ता नफ्यातून फिटतोय. कर्जाबरोबर हाही खाली येत असेल, तर हप्ता मालातून फिटतोय. नुसत्या भरलेल्या फळ्यांवर विसंबू नये. व्यापाऱ्याचं देणं वाढवूनही फळ्या भरलेल्या दाखवता येतात.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट या गणिताला धक्का देते. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन बाजारात गेल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. त्याआधीची खरेदी बरीचशी उधारीवर. 1,80,000 च्या विक्रीत 30,000 उधारी असली, तर गल्ल्यात आले 1,50,000. मालाची जागा भरायला 1,35,000 हवेत. मग पंचेचाळीस हजारांच्या जागी हातात राहतात फक्त पंधरा. उधारीचा सगळा भार असा आपल्या चौथ्या हिश्शावर पडतो. जुनी उधारी त्याच महिन्यात तेवढीच वसूल होत असेल, तर फरक पडत नाही. पण उधारी वाढती असेल, तर तेवढी विक्री हप्त्यासाठी झालीच नाही असं समजावं. मी अजूनही रोजमेळात रोख आणि उधार वेगळी लिहिते आणि महिन्याचा आकडा आलेल्या पैशांवरून पाहते.

शिवाय हप्ता दर महिन्याला सारखा, पण विक्री तशी नाही. पितृपक्षाच्या महिन्यात आमची विक्री 90,000 वर आली, तर सुटतात 22,500 आणि लागतात 45,000. म्हणून 1,80,000 हा वर्षाच्या सरासरीचा आकडा मानायचा. लगीनसराईत आणि दिवाळीत जे वर येतं, त्यातून दोन हप्ते बाजूला काढायचे आणि मगच नव्या मालाची मागणी द्यायची. अण्णांची पिग्मी याच कामाची होती. गल्ल्यातला पैसा मालात गुंतण्याआधीच ती हप्त्याचा वाटा दुकानाबाहेर नेऊन ठेवायची.

गेल्या वर्षी भाचीने लहान मुलांच्या कपड्यांचा नवा विभाग काढायचं ठरवलं. तिलाही तीनच लाख हवे होते, व्याजाचा दर आणि मुदतही माझ्यासारखीच मिळत होती. तिने विचारलं, “आत्या, घेऊ का?” मी तिला चाळीस हजारांचा तो गोल दाखवला आणि म्हटलं, आता हाच आकडा मालाच्या बाजूने बघ. चाळीस हजारांच्या विक्रीत खरेदीच्या किमतीचे तीस हजार असतात. तीन लाखांच्या मालाचा तो दहावा हिस्सा. म्हणजे नवा माल दहा महिन्यांत एकदा पूर्ण विकून परत भरला गेला, तर तो आपला हप्ता आपण फेडतो. त्याहून लवकर फिरला, तर वर शिल्लक राहते. त्याहून उशीर लागला, तर जुन्या दुकानाला त्याचा हप्ता भरावा लागतो. आणि ही विक्री जादाची असायला हवी. एखाद्या आईने स्वतःच्या साडीऐवजी मुलीचा फ्रॉक घेतला, तर गल्ल्यात नवं काही आलं नाही.

भाचीने विचार केला आणि पहिल्यांदा निम्माच माल भरला, दीड लाखाचा. हप्ताही निम्मा, म्हणजे जादा विक्री वीस हजारांची. प्रत्येक चिठ्ठीवर ती खरेदीचा महिना लिहिते. सहा महिने उलटलेला माल पुढच्या फळीवर येतो, दहा महिने झालेला खरेदीच्या किमतीला निघतो आणि ते माप, तो नमुना पुन्हा मागवला जात नाही. तिच्या विभागातला माल सध्या आठ महिन्यांत फिरतो आहे. हे असंच राहिलं आणि विकलेल्या प्रत्येक कपड्याचे पंच्याहत्तर टक्के पुन्हा मालातच गेले, तर शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा दीड लाखाचा माल तिच्या मालकीचा असेल, आणि आज बँकेला जाणारे महिन्याचे पाच हजार तिच्याच हाती राहतील.