ळ बाळाचा, पण बाळ तर ब चं!

धाकट्या भावाची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मोबाईलवरचं मुळाक्षरांचं गाणं तिला तोंडपाठ आहे. अ अननसाचा, आ आईचा, क कमळाचा, असं ठेक्यात, माना हलवत ती थेट ज्ञ पर्यंत पोहोचते. घरी सगळे खूश. भावजय म्हणाली, "आपा, हिला मराठी आली की!"

मी शिक्षिका पडले. मोबाईल बाजूला ठेवला, पाटीवर ळ काढला आणि विचारलं, "हे काय?"

"बाळाचा," ती म्हणाली. म्हणताना मात्र 'बालाचा' असंच आलं.

"मग यावरून आणखी काय येतं?"

तिने जरा विचार केला. "बदक, फुप्पी."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण तिचं बरोबर होतं. सगळ्या गाण्याने तिला एकच नियम शिकवला आहे : अक्षर म्हणजे शब्दाचा पहिला आवाज. क ने कमळ सुरू होतं, म ने मगर. मग बाळाच्या चित्रावर लिहिलेलं अक्षर ब असणार, हे तिने अगदी रीतसर काढलं. मराठीत ण आणि ळ ने शब्द सुरू होत नाहीत, म्हणून गाण्याला बाण आणि बाळ घ्यावे लागतात. तिथे नियम बदलतो, पण चाल बदलत नाही. मुलाला कळणार कसं? उर्दू कायद्यातही हीच अडचण आहे. ड़े ने एकही शब्द सुरू होत नाही, तेव्हा 'पहाड़'सारख्या शब्दावर काम भागवावं लागतं.

आमच्यासारख्या दखनी बोलणाऱ्या घरात अडचण दुहेरी होते. आमच्या बोलीत ळ नाही. आमच्याकडे पाणी 'पानी' असतं आणि डाळ 'दाल'. म्हणून मूल 'ळ बाळाचा' ऐकतं आणि 'ल बालाचा' गातं. ठेका जुळला की चूक कुणाच्या कानाला लागत नाही. त्यात ल येऊन गेल्यावर मध्ये व, श, ष, स, ह गेल्यावर ळ येतो. दोन्ही आवाज शेजारी कधी ऐकूच येत नाहीत. आणि ळ येईपर्यंत गाणं संपायची घाई झालेली असते.

ही चूक पुढे महागात पडते. बी.एड.च्या सराव पाठात मी सातवीच्या वर्गाला म्हणाले होते, "चला, वेल संपली." मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कुठली वेल? काकडीची?" फळ्यावर मी 'वेळ' बिनचूक लिहिला होता. हाताला ळ येत होता, जिभेला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर बसले.

तेव्हा सापडलेली युक्ती अजून वापरते. ळ शिकवायला ल कडून जाऊ नका, ड़ कडून जा. 'घोड़ा' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. तिथेच ते टेकवून ल म्हणायचा प्रयत्न करा, म्हणजे हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाऊ द्या. ळ निघतो. ण तर आपल्या तोंडात आधीपासून आहे. 'ठंडा' सावकाश म्हणा आणि ड येण्याआधी थांबा. नाकातून जो आवाज येतो तो ण.

पण हे मोठ्या मुलांसाठी. साडेतीन वर्षांच्या पोरीची जीभ वळवायला जाऊ नये. मराठी घरातली मुलंसुद्धा या वयात ळ चा ल करतात. या वयात कान तयार करायचा. मी तिच्यासमोर बाहुली ठेवली. "मी बाळ म्हटलं की उचल, बाल म्हटलं की नाही." पहिल्या दिवशी तिने दोन्हीला उचलली. चौथ्या दिवशी 'बाल' म्हटल्यावर हात पुढे करून थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कान उघडल्याची हीच खूण.

गाण्यातल्या त्या दोन ओळी मात्र आम्ही बदलल्या. 'बाळाचा' म्हटलं की ळ शब्दाच्या मध्ये दडतो. म्हणून आता चाल तीच, पण शब्द अक्षरावर संपतो आणि टाळी तिथेच पडते : बाळ, ळ! नळ, ळ! फळ, ळ! तसंच बाण, ण! सण, ण! बाकी गाणं आहे तसंच राहिलं.

काल तिने पाटीवरच्या ळ वर बोट ठेवलं आणि टाळी वाजवली. तोंडातून अजून ल च येतो. येऊ दे. पण त्या अक्षराला ती आता ब म्हणत नाही.